निर्जंतुक ड्रेसिंगच्या स्टेशनची चेकलिस्ट: साखळी तुटते ती जागा कागदावर कशी पकडायची

प्रश्न: नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची ऑस्की, म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनांवर कृती करून दाखवायची परीक्षा, घ्यायची आहे. हातांची स्वच्छता आणि जखमेचं निर्जंतुक ड्रेसिंग या दोन्हींच्या चेकलिस्ट मला करायच्या आहेत. मागच्या वेळी एकाच मुलीला एका परीक्षकाने ३० पैकी २६ आणि दुसरीने १७ गुण दिले. चेकलिस्ट कशी केली म्हणजे असं होणार नाही?

उत्तर: तुमच्या जुन्या यादीत ‘संपूर्ण प्रक्रियेत निर्जंतुकता राखली’ असा एखादा मुद्दा आहे का ते आधी बघा. असेल, तर फरकाची सुरुवात बहुतेक तिथेच आहे. त्या वाक्यात परीक्षकाने नेमकं काय पाहायचं ते सांगितलेलंच नाही. एकीला मुलीचा ग्लोव्ह घातलेला हात बेडच्या कठड्याला लागलेला दिसतो आणि ती त्या मुद्द्याचे सगळे गुण काढून घेते. दुसरी त्याच क्षणी कागदात डोकं घालून आधीच्या मुद्द्यावर खूण करत असते. तिला काही दिसतच नाही. दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

म्हणून एकच कसोटी लावून सगळी यादी चाळा: हा मुद्दा परीक्षकाला तिच्या खुर्चीवरून डोळ्यांनी दिसतो का, आणि त्याचं उत्तर ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ असं देता येतं का? ‘हात योग्य प्रकारे धुतले’ हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही, कारण त्यात हात केव्हा धुतले, कशाने धुतले, किती वेळ आणि कुठे कुठे चोळले, असे चार प्रश्न दडलेले आहेत. तीन गोष्टी केल्या आणि चौथी राहिली तर खूण करायची की नाही, हे प्रत्येक परीक्षक स्वतः ठरवते, आणि तिथे गुण पांगतात.

पुढचा निर्णय दोन स्टेशनांच्या वाटणीचा. हात चोळण्याचं तंत्र फक्त हातांच्या स्टेशनवर तपासा. ड्रेसिंगच्या स्टेशनवर हात केव्हा स्वच्छ केले एवढंच बघा. ड्रेसिंग करताना मुलीला चार वेळा हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचा अल्कोहोलचा द्रव, वापरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका वेळेला २० ते ३० सेकंद लागतात, म्हणजे यातच जवळपास दोन मिनिटं जातात. त्या प्रत्येक वेळी सगळ्या पायऱ्या मोजत बसलं तर परीक्षकाचं ट्रॉलीकडे लक्ष राहत नाही, आणि एकाच चुकीचे गुण दोन्ही स्टेशनांवर कापले जातात.

आता हातांचं स्टेशन. याला पाच मिनिटं पुरतात. चिठ्ठीवर एक छोटा प्रसंग द्या आणि पहिला मुद्दा निवडीचा ठेवा: हँडरब की साबण-पाणी? हात दिसण्याइतके मळले असतील, किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलमुळे जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवं, कारण त्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. बाकी बहुतेक प्रसंगी हँडरब चालतो. ही निवड विचारली नाही तर मुली ओळीने पाठ केलेल्या पायऱ्या करून दाखवतात आणि तुमच्या हाती फक्त पाठांतर लागतं.

वेळेच्या बाबतीत बऱ्याच याद्यांमध्ये गल्लत असते. साबण-पाण्यासाठी सांगितलेले ४० ते ६० सेकंद हे हात ओले करण्यापासून पुसण्यापर्यंतच्या पूर्ण कृतीचे आहेत. नुसतं चोळणं तेवढा वेळ चालावं असं त्यात म्हटलेलं नाही. परीक्षकाने घड्याळ कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं हे मुद्द्यातच लिहा.

तंत्राचे गुण पायऱ्यांच्या क्रमाला देऊ नका, हाताच्या भागांना द्या. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची मागची बाजू, अंगठे आणि बोटांची टोकं. एखादीने अंगठे आधी आणि बेचक्या नंतर चोळल्या तर हात काही कमी स्वच्छ होत नाहीत. मात्र डावा आणि उजवा अंगठा यांच्यासाठी वेगळ्या चौकटी ठेवा, आणि बोटांच्या टोकांसाठीही तसंच करा. मुली एक अंगठा नीट फिरवून चोळतात, दुसऱ्यावर नुसता हात फिरवतात, आणि चौकट एकच असेल तर परीक्षक पहिला अंगठा पाहूनच खूण करून मोकळी होते. अंगठे आणि टोकं याच सगळ्यांत जास्त सुटणाऱ्या जागा आहेत. चमकणारा द्रव मिसळलेला हँडरब आणि अतिनील दिवा मिळाला तर उत्तमच. मग परीक्षकाने हाताच्या चित्रावर न चमकलेला भाग रंगवायचा, वाद उरत नाही.

ड्रेसिंगच्या स्टेशनवर मी जास्त थांबणार आहे. पोटावरची टाके घातलेली सरळ जखम, पुतळ्यावर बसवलेली, आणि स्वच्छ करायला नॉर्मल सलाइन, असा प्रसंग धरू. वेळ दहा मिनिटं ठेवा, आठ नको. का ते पुढे येईलच.

इथे पहिली अडचण क्रमाची येते. काही ठिकाणी आधी निर्जंतुक पॅक उघडून मग जुनं ड्रेसिंग काढतात, काही ठिकाणी उलट. तुमच्या वॉर्डात जी पद्धत शिकवली जाते ती धरा, पण मुली वेगवेगळ्या वॉर्डांतून आल्या असतील तर चेकलिस्टने दोन्ही क्रम चालवून घेतले पाहिजेत. त्यासाठी हातांच्या चार वेळा अशा लिहा की क्रम बदलला तरी त्या बदलणार नाहीत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, पॅक उघडण्यापूर्वी, निर्जंतुक ग्लोव्हज घालण्याच्या लगेच आधी, आणि शेवटी ग्लोव्हज काढल्यावर. ‘लगेच आधी’ म्हणजे हँडरब वाळल्यानंतर ग्लोव्हजच्या पाकिटाखेरीज कशालाही हात लागलेला नाही. हे परीक्षकाच्या सूचनेत स्पष्ट लिहा. हात चोळून झाल्यावर पडदा सरकवला किंवा ट्रॉली जवळ ओढली, तर ती खूण मिळत नाही.

पॅकच्या मुद्द्यात दिसणाऱ्या गोष्टी दोन: पहिली घडी स्वतःपासून दूर उघडली आणि शेवटची स्वतःकडे, म्हणजे उघडलेल्या पॅकवरून हात गेला नाही. आणि कडेची साधारण अडीच सेंटीमीटरची पट्टी निर्जंतुक धरायची नसल्यामुळे त्या पट्टीवर सामान ठेवलं नाही. या प्रत्येक गोष्टीला एक गुण.

सलाइनचा मुद्दा साधा दिसतो, पण निर्जंतुकतेची साखळी सगळ्यांत जास्त वेळा इथे तुटते. मुलगी सगळं मांडते, सुरेख ग्लोव्हज घालते, कापूस उचलते आणि मग तिच्या लक्षात येतं की वाटीत सलाइन ओतलेलंच नाही. बाटली समोर असते. हात आपोआप बाटलीकडे जातो. चिकटपट्टीचे तुकडे आधी कापून न ठेवल्यानेही हेच होतं. म्हणून मुद्दा ‘सलाइन ओतलं’ असा लिहू नका. ‘निर्जंतुक ग्लोव्हज घालण्यापूर्वी सलाइन ओतलेलं आहे आणि पट्ट्या कापलेल्या आहेत’ असा लिहा आणि त्याचे दोन गुण दोन चौकटींत द्या.

ग्लोव्हजच्या मुद्द्यासाठी परीक्षकाला हे बारकाईने सांगावं लागतं. पहिला ग्लोव्ह उचलताना उघड्या बोटांनी फक्त दुमडलेल्या कडेला, म्हणजे ग्लोव्हच्या आतल्या बाजूला हात लावायचा. दुसरा उचलताना ग्लोव्ह घातलेली चार बोटं त्या दुमडीच्या खाली घालायची आणि अंगठा बाहेर ताठ दूर ठेवायचा. चूक होते ती दोन जागी. दुसरा ग्लोव्ह वर ओढताना अंगठा वळतो आणि त्याचं टोक उघड्या मनगटाला लागतं. किंवा दोन्ही घालून झाल्यावर मुलगी पहिल्या ग्लोव्हची दुमडलेली कड नीट करायला जाते आणि तिची निर्जंतुक बोटं उघड्या हाताने धरलेल्या बाजूला लागतात. हे दोन्ही क्षण सेकंदभराचे असतात. परीक्षक मुलीच्या मागे बसली असेल तर त्यांतला एकही तिला दिसणार नाही. खुर्ची मुलीच्या समोर, थोडी तिरकी, हात दिसतील अशी मांडा, आणि ती जागा स्टेशनच्या नकाशात काढून ठेवा.

हँडरब पूर्ण न वाळताच ग्लोव्ह घातला तर तो ओल्या कातडीला चिकटतो, बोटं अर्ध्यात अडकतात, आणि मग ओढाओढीत बाहेरची बाजू उघड्या हाताला लागते. चूक ग्लोव्हजची दिसते, पण कारण त्याच्या अर्धं मिनिट आधीचं असतं. परीक्षकाने तसं टिपून ठेवलं तर नंतर मुलीला सांगताना ते उपयोगी पडतं. गुण मात्र ग्लोव्हजच्या चौकटीतच कापायचे.

जखम पुसण्याच्या मुद्द्यात तीन चौकटी पुरतात. आधी टाक्यांची रेघ वरून खाली, मग दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेने, आणि प्रत्येक फटक्याला नवा बोळा. ‘जखम स्वच्छ केली’ असं लिहिलं तर तोच बोळा दोनदा फिरवणारीलाही पूर्ण गुण जातात.

आता तो जुना मुद्दा, ‘निर्जंतुकता राखली’. त्याच्या जागी तीन पर्यायांची एक चौकट घाला. साखळी कुठेच तुटली नाही: ४ गुण. तुटली, मुलीच्या स्वतःच्या लक्षात आली आणि तिने ती वस्तू बदलली: ३ गुण. तुटली आणि ती तशीच पुढे गेली: ० गुण. खाली एक रिकामी ओळ ठेवा: काय कशाला लागलं, आणि त्यानंतर जखमेला काय लागलं. ही ओळ भरल्याशिवाय शून्य देता येणार नाही असा नियम करा.

तीन आणि चारमध्ये एकाच गुणाचा फरक ठेवण्यामागे विचार आहे. हात चुकून कुठेतरी लागणं अनुभवी माणसाकडूनही घडतं. वॉर्डात रुग्णाला धोका होतो तो ते लक्षात न आल्याने, किंवा लक्षात येऊनही दडवल्याने. थांबून ग्लोव्ह काढणाऱ्या मुलीला परीक्षेत जबर दंड बसला, तर पुढची मुलगी लागलेला हात लपवायला शिकेल. दहा मिनिटं ठेवायची ती यासाठीच. ग्लोव्हज काढणं, हात चोळणं, वाळू देणं आणि नवी जोडी घालणं याला मिनिटभर तरी जातं. बदललेल्या जोडीच्या बाबतीत ग्लोव्हजच्या मुद्द्याचे गुण नव्या जोडीवर द्या, म्हणजे एकच चूक दोनदा मोजली जात नाही.

एवढं धरून ३० गुण असे बसतात: हातांच्या चार वेळांना प्रत्येकी २ म्हणजे ८. साखळीचे १५, त्यात पॅक २, सलाइन आणि पट्ट्या २, ग्लोव्हज ४, पुसणं ३ आणि वरची चौकट ४. उरलेले ७ एकेका गुणाचे: रुग्णाची ओळख दोन गोष्टींवरून पटवणं, ॲलर्जी विचारणं, वेदना विचारणं, पॅकची तारीख आणि वेष्टन तपासणं, जखमेचं निरीक्षण बोलून दाखवणं, ड्रेसिंगवर तारीख-वेळ लिहिणं, आणि नोंद करणं.

ही विभागणी दोन मुलींवर लावून बघू. पहिली सगळं बिनचूक करते, पण निर्जंतुक ग्लोव्हज घातल्यावर ट्रॉली हाताने जवळ ओढते आणि त्याच हाताने बोळा धरून टाके पुसते. दुसरी वेदना विचारायला विसरते, निरीक्षण बोलत नाही, तारीख लिहीत नाही, नोंद करत नाही. ग्लोव्हज घालताना तिचा अंगठा मनगटाला लागतो, ती थांबते, जोडी टाकते, हात चोळते आणि नवी घालते. प्रत्येक मुद्द्याला एक गुण देणाऱ्या ३० मुद्द्यांच्या यादीत पहिलीला २९ आणि दुसरीला २५ मिळतात. नव्या विभागणीत पहिलीला २६, आणि दुसरीला चार मुद्द्यांचे चार व दुरुस्तीचा एक वजा जाऊन २५.

म्हणजे वजन वाढवूनही पहिलीच पुढे राहिली. हे आकडे मुद्दाम मांडले, कारण चेकलिस्ट करणारे बहुतेक लोक साखळीचे गुण वाढवले की काम झालं असं समजतात. गुण एकमेकांत मिसळतात, आणि सहा-सात ठिकाणचे सुटे गुण एका दूषित हाताची भरपाई करतात. त्यामुळे बेरजेच्या बाहेर एक वेगळी अट हवी: दूषित झालेली वस्तू जखमेला, किंवा जखमेवर बसणाऱ्या ड्रेसिंगच्या आतल्या बाजूला लागली आणि मुलीने ते सुधारलं नाही, तर एकूण गुण कितीही असले तरी स्टेशन पुन्हा द्यावं लागेल.

अशा अटी मात्र मोजक्याच ठेवा. या स्टेशनवर माझ्या मते ही एकच पुरे. पाच-सहा अटी घातल्या की जवळपास सगळा वर्ग एखाद्या तरी अटीत अडकतो आणि मग परीक्षकच खुणा करताना सैल होतात. अट लिहिताना ‘लागली आणि मग जखमेपर्यंत पोचली’ हे दोन्ही टप्पे असू द्या. ड्रेसिंग बसवून झाल्यावर ग्लोव्ह कठड्याला लागला तर रुग्णाच्या जखमेला त्याने काही झालेलं नाही, आणि त्यासाठी मुलीला नापास करणं अन्यायाचं होईल. ही अट मुलींना परीक्षेच्या बऱ्याच आधी लेखी द्या.

सुधारण्याला गुण ठेवले की सुधारायचं सामानही ठेवावं लागतं. प्रत्येक मुलीच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात तिच्या मापाची ग्लोव्हजची एक जादा जोडी आणि एक जादा पॅक हवा. मापंही वेगवेगळी ठेवा, साडेसहा ते आठपर्यंत. घट्ट ग्लोव्ह ओढताना जी चूक होते ती मुलीच्या कौशल्याची नसते. जादा जोडी नसेल तर ‘लक्षात आलं आणि बदललं’ ही चौकट कुणालाच मिळू शकत नाही, आणि हे परीक्षेच्या दिवशी सकाळी कळून उपयोग नाही.

‘आता मी हात स्वच्छ करते’ असं नुसतं बोलणाऱ्या मुलीचं काय करायचं हेही आधी ठरवा. माझं मत ठाम आहे: हात, ग्लोव्हज आणि पुसणं या मुद्द्यांना बोलण्याचे गुण नाहीत, करून दाखवलं तरच खूण. निरीक्षण, ॲलर्जी आणि वेदना हे बोलण्याचेच मुद्दे आहेत. मुलीच्या चिठ्ठीवर एक वाक्य टाका: ‘हातांची प्रत्येक कृती प्रत्यक्ष करा, पॅकमधलं सामान निर्जंतुक आहे असं धरा.’ परीक्षकाने मात्र वेळेची सूचना सोडून काहीही बोलू नये. ‘काही विसरलीस का?’ एवढ्या प्रश्नानेही एकीला मिळालेली मदत दुसरीला मिळत नाही.

यादी तयार झाली की परीक्षेआधी एक तालीम घ्या. एका सहकाऱ्याला ड्रेसिंग करायला सांगा आणि तिच्याशी गुपचूप तीन चुका ठरवा. उदाहरणार्थ, पॅक उघडण्यापूर्वी हात न चोळणं, तोच बोळा दोनदा वापरणं, आणि ग्लोव्हजवर सलाइनची बाटली उचलणं. बाकीच्या परीक्षकांनी एकमेकींशी न बोलता गुण द्यायचे. मग कागद शेजारी ठेवून मुद्दा-मुद्दा ताडून बघा. बेरीज बघू नका, कारण एकीने इथे दिलेला आणि दुसरीने तिथे दिलेला गुण मिळून बेरीज सारखी येऊ शकते. ज्या मुद्द्यावर खुणा वेगळ्या आल्या तो मुद्दा पुन्हा लिहा, परीक्षकांची समजूत घालत बसू नका. ठरवलेली चूक कुणालाच दिसली नसेल तर खुर्चीची जागा बदला, किंवा यादी इतकी लांब आहे का की डोळे कागदावरून उठतच नाहीत ते बघा. वर सांगितलेले सोळा मुद्दे एका पानात, कृतीच्या क्रमाने बसतात. त्याहून फार लांब जाऊ नका.

परीक्षा झाल्यावर प्रत्येक मुद्द्यासमोर किती जणींना खूण मिळाली ते एकदा मोजा. सगळ्यांना मिळालेला मुद्दा पुढच्या वेळी ठेवायचा की नाही हे बघता येईल. जो जवळपास कुणालाच मिळाला नाही त्याचं खापर लगेच मुलींवर फोडू नका. समजा ‘पॅक उघडण्यापूर्वी हात चोळले’ हा मुद्दा वर्गभर चुकला, तर हँडरबची बाटली कुठे ठेवली होती ते आधी बघा. ती दाराजवळच्या भिंतीला असेल आणि पॅक बेडच्या पलीकडच्या बाजूला, तर त्या चौकटीने मुलींचं कौशल्य मोजलेलं नाही. बाटली ट्रॉलीला लावा आणि तोच मुद्दा पुढच्या तुकडीला त्याच शब्दांत ठेवा.